कार्डावरचा कॅशबॅक जमा झाला नाही तर : तारीख कशी मोजावी, दाद कुठे मागावी

दसरा-दिवाळीत विरार पूर्वेच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांवर ‘अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के कॅशबॅक’ अशा पाट्या लागतात. मनवेलपाड्यातल्या कितीतरी घरांत वॉशिंग मशीन, फ्रिज आणि मोबाइल याच पाट्या बघून येतात. वस्तू त्याच दिवशी घरी पोचते, पण कॅशबॅक मात्र पुढच्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाही आणि त्याच्या पुढच्यातही नाही. मग काही जण लगेच तक्रार करतात आणि ‘थांबा’ एवढंच उत्तर मिळाल्यावर सोडून देतात. काही जण थांबतात ते विसरूनच जातात. दोन्हीकडे पैसे बुडतात ते एकाच कारणाने. पैसे कोणत्या तारखेपर्यंत यायला हवेत, हे मोजलेलंच नसतं. ती तारीख काढायची आणि ती उलटली की योग्य दारी जायचं, याची ही कृती आहे.

एक उदाहरण सोबत घेऊन चालू. मनवेलपाड्यात राहणाऱ्या वडिलांनी 2 ऑक्टोबर 2025 ला, दसऱ्याच्या दिवशी, 32,000 रुपयांचं वॉशिंग मशीन घेतलं, असं समजा. कार्ड मुलीचं होतं आणि तिचं स्टेटमेंट दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं. ऑफर 31 ऑक्टोबरला संपणार होती. कार्डावर किमान 20,000 रुपयांची खरेदी, ती सहा महिन्यांच्या किंवा जास्त मुदतीच्या ईएमआयवर, दहा टक्के कॅशबॅक, पण 3,000 पेक्षा जास्त नाही, आणि रक्कम ऑफर संपल्यापासून 90 दिवसांत जमा, अशा तिच्या अटी होत्या.

लागणारी कागदपत्रं

- दुकानाचं पक्कं जीएसटी बिल
- कार्ड मशीनमधून निघालेली चार्ज स्लिप आणि तिचा फोटो
- ऑफरच्या पूर्ण अटी, म्हणजे बँकेच्या किंवा दुकानाच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि दुकानातल्या पाटीचा फोटो
- ऑफरबद्दल आलेला एसएमएस किंवा ईमेल
- खरेदीच्या महिन्यापासूनची सगळी स्टेटमेंट

यातल्या अटींच्या पानाला सगळ्यात जास्त जपा. ऑफर संपली की ते पान बहुधा काढून टाकलं जातं आणि तीन महिन्यांनी वाद झाला तर दाखवायला काहीच हातात राहत नाही.

पायरी 1 : दुकानातून निघण्याआधी चार्ज स्लिप वाचा

कॅशबॅकचं बरंचसं नुकसान काउंटरवरच झालेलं असतं, आणि तिथेच ते सुधारताही येतं. दुकानात दोन-तीन कंपन्यांची कार्ड मशीन असतात. ब्रँडची किंवा बँकेची ऑफर त्यांतल्या ठरावीक मशीनवरच, ठरावीक पर्याय निवडल्यावर लागू होते. गर्दीच्या दिवशी विक्रेता घाईत हाताला येईल ते मशीन घेतो, किंवा ईएमआयऐवजी साधा पूर्ण रकमेचा स्वाइप करतो. नंतर ॲपवरून तुम्ही तीच रक्कम ईएमआयमध्ये बदलून घेतलीत, तरी बहुतेक ऑफरमध्ये ती चालत नाही, कारण ईएमआय दुकानातल्या मशीनवरच व्हावा अशी अट असते.

म्हणून स्लिपवर चार गोष्टी पाहा. ईएमआयची मुदत छापली आहे का? ऑफरचं नाव किंवा कॅशबॅकची रक्कम आहे का? कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर आहेत का? आणि रक्कम किमान मर्यादेच्या वर आहे का? शेवटच्या प्रश्नात अनेक जण फसतात. किमान रक्कम वस्तूच्या किमतीवर नाही, तर कार्डावर घेतलेल्या रकमेवर मोजतात. आपल्या उदाहरणात वडिलांनी 14,000 रुपये रोख देऊन उरलेले 18,000 कार्डावर दिले असते, तर वॉशिंग मशीन 32,000 चं असूनही कॅशबॅक शून्य झाला असता.

स्लिपवर चूक दिसली तर तिथेच बोला. दुकानाचं मशीन दिवसाच्या शेवटी सगळे व्यवहार एकत्र बँकेकडे पाठवतं. त्याआधी झालेला व्यवहार रद्द करून नव्याने स्वाइप करता येतो. दुसऱ्या दिवशी हे इतकं सोपं राहत नाही.

स्लिप बरोबर असेल तर लगेच फोटो काढा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो आणि काही महिन्यांत अक्षरं उडतात. फोटोत तारीख, टर्मिनल क्रमांक (TID), मंजुरी क्रमांक आणि असल्यास बारा आकडी RRN स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे बँकेला तुमचा व्यवहार शोधायला हेच क्रमांक लागतात.

पायरी 2 : सवलत कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा

पाटीवर एकच शब्द असला तरी मागे वेगवेगळे व्यवहार असतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा असतो.

पहिला प्रकार झटपट सवलतीचा. ती पैसे भरतानाच वजा होते. कार्डावर 32,000 ऐवजी 29,000 गेले तर सवलत मिळाली, पूर्ण 32,000 गेले तर ती नंतर येणार नाही. तिची स्टेटमेंटमध्ये वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रकार कार्डाच्या स्वतःच्या, बारमाही कॅशबॅकचा. हा बिलाच्या चक्राबरोबर चालतो. एका चक्रातल्या खरेदीचा हिशेब स्टेटमेंट निघताना होतो आणि रक्कम त्यानंतर लवकरच जमा होते. काही कार्डांचा कॅशबॅक स्टेटमेंटमध्ये येतच नाही. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाची कमाई ॲमेझॉन पेच्या शिलकीत जाते. म्हणून स्टेटमेंट तपासण्याआधी पैसे कुठे जमा होणार आहेत, हे अटींत पाहा.

तिसरा प्रकार सणासुदीच्या ऑफरचा आणि ब्रँडच्या ईएमआय कॅशबॅकचा. सगळ्यात जास्त वाट इथेच पाहावी लागते. ऑफर संपल्यापासून 90 दिवस ही नेहमी दिसणारी मुदत आहे, काही ठिकाणी ती 120 दिवसांची असते. एवढा वेळ लागण्यामागे कारण आहे. ‘एका कार्डावर कमाल इतकेच’ अशी मर्यादा असली की पूर्ण काळातले व्यवहार समोर आल्याशिवाय कोणाला किती द्यायचे ते ठरत नाही. परत केलेल्या वस्तू आणि रद्द झालेल्या ऑर्डर वगळाव्या लागतात. मग पात्र कार्डांची यादी तयार होते, पैसे देणारी कंपनी ती तपासते आणि शेवटी सगळ्यांच्या खात्यांत एकत्र जमा टाकली जाते. म्हणून ऑफरच्या पहिल्या दिवशी खरेदी करणाऱ्याला आणि शेवटच्या दिवशी करणाऱ्याला पैसे बहुधा एकदमच मिळतात.

पायरी 3 : शेवटची तारीख काढा

मोजणी ऑफर संपण्याच्या तारखेपासून करा, खरेदीच्या तारखेपासून नाही. अटींत ‘व्यवहाराच्या तारखेपासून’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच खरेदीच्या तारखेपासून मोजा.

आपल्या उदाहरणात ऑफर 31 ऑक्टोबर 2025 ला संपली. नोव्हेंबरचे 30 दिवस, डिसेंबरचे 31, म्हणजे 61 झाले. उरलेले 29 जानेवारीत. म्हणजे शेवटची तारीख 29 जानेवारी 2026. या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तरच उशीर झाला.

आता ही तारीख स्टेटमेंटच्या चक्रात बसवा. मुलीचं स्टेटमेंट 18 तारखेला निघतं. 18 जानेवारीच्या कागदात कॅशबॅक नसला तरी नियम मोडलेला नाही. 29 जानेवारीला जमा झालेली रक्कम छापील रूपात थेट 18 फेब्रुवारीच्या स्टेटमेंटमध्ये येईल. दसऱ्याची खरेदी आणि कागदावरची जमा यांत साडेचार महिने गेले, तरी सगळं मुदतीतच झालेलं असू शकतं. मात्र कागदाची वाट पाहायची गरज नाही. ॲपमध्ये ‘Unbilled Transactions’ या भागात पुढच्या बिलात येणाऱ्या नोंदी आधीच दिसतात. 30 जानेवारीला तिथे पाहिलं की पुरे.

ही तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये घाला आणि सोबत अपेक्षित रक्कमही लिहा. इथे दहा टक्के म्हणजे 3,200 होतात, पण कमाल मर्यादा 3,000 ची आहे, म्हणून 3,000.

पायरी 4 : मधल्या काळात फक्त पात्रता विचारा

मुदत संपण्याआधी ‘पैसे मिळाले नाहीत’ अशी तक्रार करू नका. बँक ‘मुदत बाकी आहे’ असं सांगून ती बंद करते आणि ते उत्तर बरोबरच असतं. ऑफर चालू असताना किंवा संपल्यावर लगेच एवढंच लेखी विचारा, ‘माझा हा व्यवहार या ऑफरसाठी पात्र म्हणून नोंदला गेला आहे का?’ काही ऑफरमध्ये आधी एसएमएसने किंवा ॲपमध्ये नोंदणी करावी लागते आणि ती राहून गेलेली असते. हे ऑफर चालू असतानाच कळलं तर पुढच्या खरेदीला तरी उपयोग होतो. ‘पात्र आहे’ असं लेखी उत्तर आलं तर ते जपून ठेवा, तक्रारीच्या वेळी त्याचा फार उपयोग होईल.

या काळात कार्डाचं बिल नेहमीसारखं पूर्ण भरा. ‘तीन हजार येणारच आहेत’ म्हणून तेवढे कमी भरू नका. कार्डावरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि बिल अपुरं भरलं की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. शिवाय थकीत खात्याला कॅशबॅक मिळणार नाही, अशी अट बऱ्याच ऑफरमध्ये असते. जमा झालेला कॅशबॅकही किमान देय रक्कम भरल्यासारखा धरला जाईलच असं नाही, म्हणून तेवढी रक्कम वेगळी भरा.

ईएमआय मधेच फेडून टाकायचा विचार असेल तर त्याआधी अटी वाचा. कॅशबॅक जमा होण्याआधी ईएमआय बंद केला तर तो मिळत नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो.

पायरी 5 : पैसे खरंच आले नाहीत ना, हे नीट शोधा

स्टेटमेंटमधली जमा ‘कॅशबॅक’ याच नावाने छापलेली असेल असं नाही. ऑफरचं आखूड नाव, ब्रँडचं नाव किंवा नुसती ‘CR’ असलेली ओळही असू शकते. म्हणून नावाने न शोधता रकमेने शोधा. खरेदीपासूनची सगळी स्टेटमेंट पाहा. खरेदी पुरवणी कार्डावर झाली असेल तर जमा मुख्य कार्डाच्या खात्यात दिसू शकते. रुपयांऐवजी रिवॉर्ड पॉइंट आले आहेत का, तेही बघा.

रक्कम आली पण कमी आली, तर बँकेला कळवण्याआधी स्वतः गणित करा. त्याच कार्डावर त्याच ऑफरमध्ये घरातल्या कोणी आधी मोबाइल घेतला असेल, तर कमाल मर्यादेचा काही भाग तिथेच संपलेला असतो.

त्यानंतर अटींशी आपला व्यवहार एकेक करून ताडून पाहा. दुकान यादीत होतं का? वार बरोबर होता का? क्यूआर कोड स्कॅन करून रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर पैसे दिले होते का? यूपीआयवरचे व्यवहार पुष्कळ कार्ड ऑफरमधून वगळलेले असतात. एखादी अट स्पष्टपणे मोडली असेल तर बँकेकडून पैसे येणार नाहीत. विक्रेत्याने ‘ऑफर लागली’ असं सांगून चुकीच्या मशीनवर स्वाइप केला असेल, तर दाद दुकानाकडे मागायची.

पायरी 6 : पैसे कोण देणार होतं ते ओळखा

अटींच्या पानावर शेवटी ही ऑफर कोणाची आहे ते लिहिलेलं असतं. रक्कम कार्ड देणाऱ्या बँकेने जमा करायची असेल तर तक्रार बँकेकडे. ब्रँडने स्वतः, वेगळा फॉर्म भरून घेऊन द्यायची असेल तर ब्रँडच्या ग्राहक सेवेकडे. दुकानाने द्यायची असेल तर दुकानाकडे. पैसे ब्रँडचे पण जमा बँकेमार्फत, अशी मिसळ असेल तर बँकेकडे जा आणि प्रत ब्रँडला पाठवा.

बँकेशी कार्डधारकानेच बोलायचं असतं. आपल्या उदाहरणात मशीन वडिलांनी घेतलं असलं तरी तक्रार मुलीच्या नोंदणीकृत ईमेलवरून गेली पाहिजे. शेजाऱ्याचं किंवा नातेवाइकाचं कार्ड वापरून खरेदी करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. पाठपुरावा कार्डधारकालाच करावा लागेल आणि कॅशबॅकही त्याच्याच खात्यात येईल.

फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. फोन केला तरी तक्रार क्रमांक घ्या आणि तोच मजकूर ईमेलने पाठवा. नमुना असा :

> विषय : कॅशबॅक जमा न झाल्याची तक्रार, कार्डाचे शेवटचे चार आकडे ____
>
> दि. 2 ऑक्टोबर 2025 रोजी ____ या दुकानात मी वरील कार्डावर 32,000 रुपयांचा सहा महिन्यांचा ईएमआय व्यवहार केला. मंजुरी क्रमांक ____, टर्मिनल क्रमांक ____. ऑफरच्या अटींनुसार 3,000 रुपयांचा कॅशबॅक 29 जानेवारी 2026 पर्यंत जमा होणे आवश्यक होते. आजपर्यंत ही रक्कम जमा झालेली नाही.
>
> कृपया रक्कम जमा करावी. व्यवहार अपात्र ठरवला असल्यास नेमक्या कोणत्या अटीमुळे, ते लेखी कळवावे.
>
> सोबत : बिल, चार्ज स्लिप, ऑफरच्या अटी, स्टेटमेंट.

‘नेमक्या कोणत्या अटीमुळे’ हे शब्द गाळू नका. ‘आपला व्यवहार पात्र नाही’ एवढ्या उत्तराला पुढे आव्हान देता येत नाही, पण अट सांगितली की पुरावा दाखवून ते खोडता येतं.

ग्राहक सेवेचा क्रमांक कार्डाच्या मागून किंवा बँकेच्या ॲपमधूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेले क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात. कॅशबॅक जमा करायला ओटीपी, पिन, सीव्हीव्ही किंवा एखादं ॲप उतरवणं कधीच लागत नाही. असं कोणी मागितलं आणि पैसे गेले, तर तत्काळ 1930 वर कळवा.

पायरी 7 : 30 दिवस मोजा, मग वर जा

पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर तोच तक्रार क्रमांक देऊन बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्याचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. पण दिवस पहिल्या लेखी तक्रारीपासूनच मोजा.

बँकेने तक्रार फेटाळली, अपुरं उत्तर दिलं किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. 12 नोव्हेंबर 2021 पासून देशभरासाठी एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली, त्यामुळे आपला विभाग शोधत बसावं लागत नाही. cms.rbi.org.in वर तक्रार विनामूल्य नोंदवता येते. माहितीसाठी 14448 वर मराठीतही बोलता येतं. मुलीने 30 जानेवारी 2026 ला ईमेल केला असेल तर 30 दिवस 1 मार्चला पूर्ण होतात. तो रविवार आहे, म्हणून सोमवारी, 2 मार्चला अर्ज भरावा. उगाच महिनोन्‌महिने थांबू नये, कारण या तक्रारीलाही कालमर्यादा असते.

अर्जात बँकेकडे केलेल्या पहिल्या तक्रारीची तारीख आणि प्रत जोडावीच लागते. बँकेला न विचारता थेट लोकपालाकडे गेलेला अर्ज तिथेच थांबतो. हीच गोष्ट ग्राहक न्यायालयात चालू असता कामा नये, हेही पाहा.

लोकपालाची मर्यादाही समजून घ्या. कार्ड देणाऱ्या बँकेच्या सेवेत त्रुटी झाली का, एवढंच तो पाहतो. दुकानदाराने किंवा ब्रँडने शब्द मोडला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथून कंपनीला विचारणा होते. तेवढ्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही. कागद कसे लावायचे याची माहिती मुंबई ग्राहक पंचायतीकडून मिळू शकते. 1975 पासून ही संस्था ग्राहकांसाठी काम करते आहे.

पायरी 8 : पैसे आल्यावर

रक्कम पूर्ण आहे का ते पाहा आणि मगच तक्रार बंद करायला होकार द्या. ‘प्रकरण सोडवले’ असा एसएमएस आला पण खात्यात जमा दिसत नसेल, तर त्याच क्रमांकावर लगेच लेखी कळवा, नव्याने तक्रार करू नका. नवी तक्रार म्हणजे नवे 30 दिवस.

कागद लगेच फाडून टाकू नका. वस्तू परत केली किंवा बिल रद्द झालं, तर दिलेला कॅशबॅक बँक पुढच्या स्टेटमेंटमध्ये नावे टाकू शकते. अशी वजावट विनाकारण झाली असेल, तर दाद मागायला तेच बिल, तीच स्लिप आणि तेच अटींचं पान लागेल. ईएमआयचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत ते एकत्र ठेवा.